लाल वीट, फ्लाय ॲश वीट की एएसी ब्लॉक? घराच्या भिंतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधकामाचा नकाशा हातात आला की पहिल्या महिन्यात लोक जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. घर तळमजला किंवा तळ अधिक एक मजला, बांधणारे स्थानिक गवंडी आणि जागा महाराष्ट्रात, असे धरून उत्तरे दिली आहेत. उंच इमारतींना यातल्या बऱ्याच गोष्टी लागू होत नाहीत.

१. या तिघांमध्ये मूळ फरक काय आहे?

लाल वीट म्हणजे भट्टीत भाजलेली माती. तिची ताकद भाजणीतून येते, त्यामुळे एकाच भट्टीतल्या मधल्या आणि कडेच्या विटांत फरक पडतो.

फ्लाय ॲश वीट भाजत नाहीत. औष्णिक वीज केंद्रातली राख, कच किंवा वाळू आणि सिमेंट (काही ठिकाणी चुना आणि जिप्सम) एकत्र करून यंत्रात दाबतात आणि नंतर पाणी मारून पिकवतात. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, पारस, एकलहरे या केंद्रांच्या आसपास तिचे कारखाने जास्त दिसतात, कारण राख जवळ मिळते. गावाकडे हिलाच ‘सिमेंटची वीट’ म्हणतात.

एएसी ब्लॉकमध्येही राख किंवा बारीक वाळू, सिमेंट आणि चुना असतो, पण त्यात थोडी ॲल्युमिनियमची पूड घालतात. चुन्याशी तिची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि मिश्रण ढोकळ्यासारखे फुगते. मग ते तारेने कापून वाफेच्या दाबाखाली शिजवतात. आत बारीक पोकळ्या राहतात म्हणून तो हलका असतो. विटेचा घनमीटर साधारण १,७०० ते १,९०० किलो भरतो, तर कोरड्या ब्लॉकचा ५५० ते ६५० किलो. पुण्याकडे अनेक जण याला सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात. ते मुळात एका उत्पादनाचे नाव आहे.

२. मग आधी काय ठरवू? दर विचारू का?

दर नंतर विचारा. आधी भिंत वजन पेलणार आहे की नुसती जागा भरणार आहे, ते पाहा. घराला आरसीसी कॉलम-बीम असतील तर स्लॅबचे वजन बीमवरून कॉलमवर आणि तिथून पायात जाते. भिंत फक्त आडोसा असते. अशा घरात तिन्ही पर्याय खुले आहेत.

कॉलम नसतील आणि स्लॅब थेट भिंतींवर बसणार असेल (ज्याला आपण लोडबेअरिंग म्हणतो), तर भिंत हाच सांगाडा. तिथे चांगली भाजलेली लाल वीट किंवा तपासणी अहवाल असलेली फ्लाय ॲश वीट घ्यावी आणि बाहेरच्या भिंती निदान ९ इंची ठेवाव्यात. एएसी ब्लॉकवर असे घर उभे करता येते, पण ते अभियंत्याने भिंतीगणिक हिशेब करून दिले असेल तरच. गवंड्याच्या भरवशावर करू नका. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप या राज्याने पाहिला आहे. म्हणून लोडबेअरिंग घराला जोत्यावर, लिंटेलवर आणि स्लॅबखाली सलग आरसीसी पट्टी आणि कोपऱ्यांत उभी सळई हवीच, वीट कोणतीही असो.

३. सगळ्यांत मजबूत कोणती?

आयएस १०७७ या मानकात साध्या विटेचा सर्वांत खालचा वर्ग ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी आहे. चांगली वीट त्याच्या दुप्पट भरते. नीट पिकवलेली फ्लाय ॲश वीट ७.५ च्या आसपास सहज जाते. एएसी ब्लॉकसाठी आयएस २१८५ च्या तिसऱ्या भागात ५५१ ते ६५० किलो घनतेला पहिल्या प्रतीचे ४ आणि दुसऱ्या प्रतीचे ३ न्यूटन सांगितले आहेत.

कॉलम-बीमच्या घरात मात्र या आकड्यांची स्पर्धा निरर्थक आहे. १० फूट उंच ब्लॉकची भिंत स्वतःच्या वजनाने तळाशी ०.०३ न्यूटनसुद्धा ताण देत नाही. अशा घरात भिंत चिरडून गेलेली मी पाहिलेली नाही. ओल आलेली, तडे गेलेली आणि प्लास्टर सुटलेली मात्र सतत पाहतो. त्याची कारणे प्रश्न ६ आणि ७ मध्ये आहेत.

४. प्रत्यक्ष माल किती लागतो? स्वस्त काय पडेल?

दर तालुक्यागणिक बदलतात, म्हणून मी मालाचे आकडे देतो, दर तुमचे घाला. १० फूट लांब आणि १० फूट उंच, म्हणजे १०० चौरस फुटांची सलग भिंत घेऊ.

९ × ४ × ३ इंची विटेची ९ इंची भिंत: तूटफूट धरून ९५० ते १,००० विटा. सिमेंट-वाळूच्या १:६ मालाला सुमारे ३ गोणी सिमेंट आणि २२ घनफूट वाळू, म्हणजे पाव ब्रासला थोडी कमी. भिंतीचे वजन, प्लास्टर सोडून, जवळपास ४ टन. त्याच मापाच्या फ्लाय ॲश विटेलाही हेच आकडे धरा. तिच्या कडा सरळ असल्याने माल किंचित कमी लागतो, एवढेच.

एएसी ब्लॉकची ८ इंची भिंत: ६०० × २०० × २०० मिमीचे ७६ ब्लॉक, तूटफूट धरून ८०. वाळू लागत नाही. ४० किलोच्या जोडणी मोर्टारच्या दीड ते दोन गोणी लागतात. वजन सव्वा ते दीड टन. ६ इंची भिंतीला ब्लॉक तेवढेच, फक्त जाडी १५० मिमी, आणि वजन एक टनाच्या आसपास.

आता तीन रकाने करा: माल पोचवून, गवंड्याची मजुरी आणि प्लास्टर. तिसरा रकाना लोक विसरतात. ९ इंची विटेच्या भिंतीची एक बाजू सरळ येते, दुसरी खालीवर राहते आणि तिथे प्लास्टर जाड बसते. ब्लॉकच्या दोन्ही बाजू सारख्या येतात. ब्लॉकच्या बाबतीत वाहतुकीचा रकाना सर्वांत आधी विचारा. कारखाना दूर असेल आणि तुम्हाला अर्धीच गाडी हवी असेल, तर दरातला फायदा भाड्यात जातो. लहान गावातल्या तळमजल्याच्या घराला मला बहुतेक वेळा जवळची वीटच स्वस्त पडलेली दिसते.

५. ब्लॉक हलके, म्हणजे पाया आणि स्टील वाचेल ना?

वाचते, पण जाहिरातीत सांगतात तेवढे एक मजली घरात नाही. वरच्या हिशेबात भिंतीमागे अडीच टन कमी झाले हे खरे. पण तुमच्या घराच्या कॉलमचे माप आणि त्यातली किमान सळई बऱ्याचदा नियमातल्या किमान मर्यादेनेच ठरलेली असते. काळ्या मातीत पाया किती खोल न्यायचा ते माती ठरवते, भिंतीचे वजन नाही.

बचत हवी असेल तर आरसीसी डिझाइन सुरू होण्याआधी अभियंत्याला सांगा की भिंती ब्लॉकच्या असतील. नंतर सांगून उपयोग नाही.

६. विटा किती भिजवायच्या? ब्लॉकही भिजवायचे का?

साइटवर सर्वांत जास्त चूक इथे होते, कारण तिन्हींचे उत्तर वेगळे आहे आणि गवंडी एकच सवय तिन्हींना लावतो.

लाल वीट भिजवायचीच. हौदात किंवा पिंपात बुडवून निदान तासभर, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेर काढून वरचे पाणी निथळू द्या. कोरडी वीट लावली तर ती मालातले पाणी शोषून घेते, सिमेंटला मुरायला पाणी उरत नाही आणि सांधा वाळूसारखा राहतो. आठ दिवसांनी सांध्यात खिळ्याने ओरखडा. वाळू भुरभुरत पडली तर वीट कोरडी लागली होती, किंवा नंतर भिंतीवर पाणी मारले नाही. ढिगाऱ्यावर पाइपने शिंपडणे म्हणजे भिजवणे नव्हे. वरच्या दोन थरांखाली विटा कोरड्याच असतात.

फ्लाय ॲश वीट नुसती ओलसर करायची. तिच्यात सिमेंट आहे, त्यामुळे ती पाण्याने किंचित फुगते आणि वाळताना आकसते. पूर्ण भिजवून लावली तर ते आकसणे भिंतीत गेल्यावर होते आणि सांध्यांतून बारीक भेगा येतात. लावण्याआधी शिंपडा आणि पृष्ठभाग चमकायचा थांबला की लावा.

एएसी ब्लॉक भिजवायचा नाही. जोडणी मोर्टार वापरत असाल तर ओल्या फडक्याने किंवा ब्रशने धूळ पुसा, बस. त्या मोर्टारमध्ये पाणी धरून ठेवणारी द्रव्ये असतात आणि सांधा फक्त ३ मिमीचा असतो. भिंतीवर पाइपने पाणी मारण्याचीही गरज नाही. गवंड्याला हे पटत नाही, कारण ‘पाणी मारल्याशिवाय काम पक्के होत नाही’ हे त्याने आयुष्यभर पाळलेले असते. विटेच्या बाबतीत त्याचे खरे आहे. म्हणून त्याला कारणासह सांगा.

७. ब्लॉकच्या भिंतीला तडे जातातच, असे सगळे म्हणतात. खरे का?

तडे जाताना दिसतात खरे, पण बहुतेकांचे कारण टाळता येण्यासारखे असते. एक घडलेले सांगतो. कराडच्या बाजूला तळ अधिक एकचे घर होते, माझीच देखरेख होती. ब्लॉक जूनअखेर आले आणि उघड्यावर उतरवले गेले. जुलैच्या पावसात ढीग महिनाभर भिजला. उघडीप मिळाली तशी भिंत चढवली, लगेच बीमच्या पोटापर्यंत माल ठासून भरला आणि पंधरा दिवसांत १:४ चे प्लास्टर केले. डिसेंबरात तिन्ही प्रकारचे तडे एकाच घरात दिसले. बीमखाली आडवी सरळ भेग होती, कॉलमलगत उभी भेग होती आणि भिंतीच्या मधोमध जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची भेग सांध्यांतून गेली होती.

जिन्यासारखी भेग ओल्या ब्लॉकच्या आकसण्याची होती. ब्लॉक हातात घेऊनही हे कळते: ६०० × २०० × १५० मिमीचा कोरडा ब्लॉक ११ किलोच्या आसपास भरतो. तुमचा १५-१६ किलो भरत असेल तर तो भिजलेला आहे, थांबा. ढीग फळ्यांवर रचा आणि वरून ताडपत्री टाका, बाजू मोकळ्या ठेवा म्हणजे वारा लागेल.

बीमखालची भेग घाईची होती. भिंत आणि बीमच्या मध्ये १० ते १५ मिमी फट सोडायची आणि वरच्या मजल्याचे काम होऊन भिंत बसल्यावर, प्लास्टरच्या अगदी आधी ती भरायची. भिंतही दिवसाला ५ फुटांवर चढवू नये.

कॉलमलगतची भेग काँक्रीट आणि ब्लॉक यांच्या वेगवेगळ्या हालचालीची. तिथे दर दोन-तीन थरांना कॉलममधून पातळ सळई किंवा पट्टी भिंतीत न्यायची आणि प्लास्टरआधी सांध्यावर दोन्ही बाजूंना निदान १०० मिमी जाईल अशी फायबर जाळी लावायची. चिकन मेश चालते, पण ती खिळ्यांनी ताणून बसवली तरच. सैल जाळीमागे प्लास्टर पोकळ वाजते.

प्लास्टरही महत्त्वाचे. ब्लॉक मऊ आहे. त्यावर १:३ किंवा १:४ चा कडक थर आकसताना ब्लॉकचा पापुद्रा घेऊन सुटतो. १:६ चा माल, आत १२ मिमीच्या आसपास आणि बाहेर दोन हातांत, पुरेसा होतो. ‘सिमेंट जास्त घाला, काम पक्के होईल’ ही इथे घातक सूचना आहे.

८. विटा साइटवर आल्या की पारख कशी करू?

लाल विटेला दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज यायला हवा. छातीच्या उंचीवरून आडवी सोडली तर तुटू नये. नखाने ओरखडा उठू नये. फिकट पिवळसर वीट कच्ची, आणि काळपट वेडीवाकडी वीट जास्त भाजलेली. जळकी वीट ताकदीला वाईट नसते, पण भिंत सरळ येत नाही. ती जोत्याच्या भरणीत वापरा.

पाणी किती पिते तेही घरच्या काट्यावर बघता येते. उन्हात चांगली वाळवलेली वीट तोला, २४ तास बुडवा, पुसून परत तोला. ३ किलोची वीट साडेतीन किलो झाली तर ५०० ग्रॅम भागिले ३,००० म्हणजे सुमारे १७ टक्के. मर्यादा २० टक्के आहे. त्याच्या वर गेली तर गाडी परत करा. सावलीत वाळताना तिच्यावर पांढरी पूड जमली तर क्षार आहेत, पुढे भिंतीला लोणा लागेल.

फ्लाय ॲश विटेला आवाजाची कसोटी लावू नका, ती तशी वाजत नाही. तिचा धोका वेगळा: मागणी वाढली की न पिकवताच गाडीत भरतात. कोपरे बोटाने मोडत असतील, खिळ्याने खोल चर पडत असेल, तर ती हिरवी आहे. किती दिवस पाणी मारले ते विचारा आणि पाच विटा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाब चाचणीला द्या. सगळ्या घराच्या विटांपुढे तो खर्च किरकोळ आहे.

९. आमच्याकडच्या लाल विटेतही राख असते म्हणतात. मग ती फ्लाय ॲश वीट झाली का?

नाही. भट्टीवाले मातीत राख मिसळतात आणि मग भाजतात. तिची ताकद भाजणीचीच, त्यामुळे भिजवणे आणि पारख लाल विटेप्रमाणे.

१०. ब्लॉकचे घर खरेच थंड राहते का?

भिंतीतून येणाऱ्या उष्णतेपुरते खरे आहे. २०० मिमी ब्लॉकची भिंत ९ इंची विटेच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते, आणि पश्चिमेच्या भिंतीला नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हा फरक हाताला जाणवतो. विटेची भिंत दुपारी तापते आणि रात्री आत ऊब सोडत राहते.

पण एक मजली घरात सर्वांत जास्त ऊन स्लॅबवर पडते. उघडा स्लॅब तसाच ठेवून फक्त भिंती ब्लॉकच्या केल्या तर अपेक्षाभंग होईल. पैसे मोजकेच असतील तर मी आधी गच्चीवर पांढरे परावर्तक लेपन किंवा पत्र्याची सावली करायला सांगतो, मग पश्चिमेची भिंत.

११. कोकणात किंवा जास्त पावसाच्या भागात काय वापरू?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आधी चिऱ्याचा भाव विचारा. जांभा तिथलाच आहे आणि गवंडी त्यात तयार आहेत. उरलेल्यांत, पाऊस वाऱ्याने आडवा येतो तिथे ६ इंची भिंत बाहेरून देऊ नका. वीट असो वा ब्लॉक, ८ किंवा ९ इंच, बाहेर दोन थरांचे प्लास्टर आणि खिडक्यांवर छज्जा.

जोत्याच्या खाली आणि मातीला लागून एएसी ब्लॉक कुठेही नको. तिथे दगड, काँक्रीट किंवा चांगली वीट. जोत्यावर ओल अडवणारा थर घ्या आणि मगच ब्लॉक सुरू करा. संडास-बाथरूममध्ये ब्लॉकखाली निदान ६ इंच उंचीची काँक्रीटची पट्टी भिंतीच्या जाडीएवढी ओता. फरशीवरचे पाणी तिथेच थांबते.

१२. ब्लॉकच्या भिंतीत गीझर, एसी, किचनची कपाटे टिकतील का?

टिकतात, पण विटेतला लाकडी किंवा साधा प्लास्टिकचा गट्टू इथे सैल होतो. ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग आणि स्क्रू मिळतात. ड्रिल फक्त फिरते ठेवा, हॅमर बंद. हॅमरने भोक मोठे होते. पाण्याने भरलेला गीझर आणि भांड्यांनी भरलेली कपाटे यांच्यासाठी मी बांधतानाच त्या जागी दोन थर विटेचे किंवा काँक्रीटचा ठोकळा घ्यायला सांगतो. त्याचा फोटो काढून मोजमाप लिहून ठेवा, प्लास्टरनंतर ती जागा सापडत नाही.

१३. वायरिंगची झिरी छिन्नीने मारली तर चालेल?

विटेत चालते, ब्लॉकमध्ये कटरनेच मारा. जोडणी पक्की झाल्यावर, जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा कमी खोल आणि शक्यतो उभी. ४ इंची भिंतीला लांब आडवी झिरी मारली की तिथून ती भिंत दुमडायला मोकळी होते. झिरी भरल्यावर तिच्यावरही जाळी लावा.

१४. बाहेरून ब्लॉक, आतून वीट असे मिसळले तर?

वेगवेगळ्या भिंतींना वेगवेगळा माल चालतो, आणि बऱ्याचदा तेच शहाणपणाचे असते. पण एकाच भिंतीत अर्धी लांबी वीट आणि अर्धी ब्लॉक असे करू नका. दोन्हींची हालचाल वेगळी असल्याने जोडावर उभी भेग ठरलेली. माल संपला म्हणून कोपरा दुसऱ्या मालाने पूर्ण करणे हा प्रकार त्यातलाच.

१५. डिझाइन ब्लॉकचे झाले आणि ठेकेदार म्हणतो ब्लॉक मिळत नाहीत, वीट लावू. चालेल?

अभियंत्याला विचारल्याशिवाय नाही. कॉलम-बीमच्या घरात विटेचे डिझाइन असताना ब्लॉक लावले तर वजन कमी होते, धोका नाही. उलट केले तर प्रश्न ४ मधला आकडा बघा: ६ इंची ब्लॉकच्या जागी ९ इंची वीट आली की प्रत्येक १० फुटांच्या भिंतीमागे जवळपास ३ टन बीमवर वाढतात. ज्या बीमखाली भिंत नाही, जसे हॉलवरचा किंवा बाहेर काढलेल्या बाल्कनीचा बीम, तिथे हे आधी जाणवते. अगदीच विटेवर यावे लागले तर आतल्या भिंती साडेचार इंची करून वजन आवरता येते, पण तो निर्णय त्यांचा.

१६. जुने लोडबेअरिंग घर आहे. हलक्या ब्लॉकने वर एक मजला चढवता येईल का?

ब्लॉकने फक्त भिंतीचे वजन कमी होते. नवा स्लॅब, फरशी, माणसे, पाण्याची टाकी तशीच राहतात, आणि तो भार जुन्या भिंतीतूनच खाली जायचा आहे. म्हणून आधी जुने तपासा. पायाशेजारी दोन ठिकाणी खड्डा घेऊन खोली, रुंदी आणि खालची माती बघा. भिंतीतून माल खरवडून पाहा, चिखलमातीत बांधलेली असेल तर विषय तिथेच संपतो. सिमेंटात बांधलेली ९ इंची भिंत, सलग पट्टी आणि मुरमावरचा पाया असेल तर अभियंता हिशेब करून सांगू शकतो. नाहीतर जुन्या भिंतींना हात न लावता बाहेरून स्वतंत्र कॉलम आणि पाया घेऊन वरचा मजला त्यांवर उभा करणे हा मार्ग उरतो, आणि तेव्हा ब्लॉकचा हलकेपणा पुरेपूर कामी येतो.